गोदामात रॅक कोसळण्याची घटना : कारण, नुकसान आणि सुधारणा यांच्या अहवालावर मत हवे आहे

माणकोलीकर

नमस्कार. भिवंडी परिसरातील एका गोदामात मी सुरक्षा विभागाचे काम पाहतो. दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे पॅलेट रॅकची एक रांग कोसळली. जागेच्या मालकाचे, ज्यांचा माल आम्ही सांभाळतो त्यांचे आणि रॅक पुरवणाऱ्यांचे नाव मी देणार नाही, कारण चर्चा घटनेच्या तांत्रिक बाजूवर व्हावी अशी माझी इच्छा आहे. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात कारणाच्या रकान्यात "चालकाचा निष्काळजीपणा" एवढेच लिहिले गेले होते. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही ते खाली सविस्तर मांडतो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

प्रथम मांडणी सांगतो. रांगेत १४ गाळे आणि १५ फ्रेम आहेत. प्रत्येक गाळ्यात जमिनीवर तीन पॅलेट आणि त्यावर बीमचे चार मजले, प्रत्येक मजल्यावर तीन पॅलेट. मूळ आराखड्यात पहिला बीम जमिनीपासून १५०० मिमीवर होता आणि पुढचे बीमही तेवढ्याच अंतराने होते. रांगेच्या पाठीला पाठ लावून दुसरी रांग आहे आणि दोन्ही रांगा मागच्या बाजूने जोडपट्ट्यांनी बांधलेल्या आहेत.

घटना पहाटेच्या पाळीत घडली. रीच ट्रकचा चालक पॅलेट घेऊन गल्लीत वळत असताना गाडीची मागची बाजू फ्रेम क्रमांक ९ च्या पुढच्या खांबाला लागली. सीसीटीव्हीत गाडीचा वेग चालण्याइतकाच दिसतो. चालकाने लगेच गाडी थांबवली. त्यानंतर काही सेकंद काहीच झाले नाही. मग त्या खांबाचा खालचा भाग बसला, वरचे पॅलेट झुकले आणि गाळा ५ पासून गाळा ११ पर्यंतचा भाग एकामागून एक खाली आला. चालक गाडीतून उडी न मारता छताच्या जाळीखाली बसून राहिला, त्यामुळे खांद्याला लागलेल्या माराखेरीज त्याला इजा झाली नाही. माल काढणारे कामगार त्या वेळी चहाला गेले होते. गल्लीत पायी कोणीही नव्हते.

नुकसान असे : सात गाळ्यांतील १०५ पॅलेट खाली आले किंवा गाडले गेले. त्यांपैकी ६१ पॅलेटवरचा माल पुन्हा बांधून वाचवता आला आणि ४४ पूर्ण वाया गेले. त्यात द्रवरूप डिटर्जंटचे डबे बरेच होते. ते फुटून जमीन इतकी निसरडी झाली की मदतीला धावलेले दोघे जण घसरले, म्हणून भुसा आणि वाळू टाकेपर्यंत आत कोणाला सोडले नाही. फ्रेम ५ ते १२ या आठही फ्रेम आणि ५६ बीम मोडीत काढले. बाहेरून सरळ दिसणारे काही बीम परत वापरावेत असा आग्रह होता, परंतु पुरवठादाराने त्यांच्या हुकांच्या वेल्डिंगची खात्री देता येत नाही असे लेखी कळवल्यावर तो विषय मिटला. पाठीमागची रांग पडली नाही, मात्र झुकली होती. ती रिकामी करायला पाच दिवस लागले, कारण फोर्कलिफ्ट त्या रांगेच्या खाली नेण्याची परवानगी आम्ही कोणालाच दिली नाही. बाहेरून लांब हाताची क्रेन लावून वरच्या मजल्यापासून एकेक पॅलेट उतरवला.

आता कारण. ढिगारा हलवण्याआधी आम्ही फ्रेम ९ चा तळ वेगळा काढून ठेवला. त्या खांबावर जमिनीपासून सुमारे ३५० मिमी उंचीवर दोन खुणा आहेत. एक ताजी आहे, तिच्यात लोखंड चकचकीत दिसते आणि गाडीचा पिवळा रंग लागलेला आहे. तिच्या किंचित वर दुसरा पोचा आहे. त्याच्या घडीत गंज धरलेला आहे आणि गंजावर धूळ बसलेली आहे. म्हणजे हा खांब पूर्वीच वाकलेला होता. नोंदवहीत त्याचा उल्लेख सापडला. घटनेच्या पाच महिने आधी तपासणी करणाऱ्याने मीटरपट्टी लावून फोटो काढला होता, त्यात पट्टी आणि खांब यांच्यात ९ मिमी अंतर दिसते. त्याने ते पिवळ्या वर्गात टाकले, कारण त्याने ५ मिमीची मर्यादा धरली आणि ९ हे तिच्या दुपटीच्या आत येते. परंतु ५ मिमीची मर्यादा खांब बीमच्या दिशेने वाकला असेल तर लागू होते. हा खांब गल्लीकडून आत, फ्रेमच्या खोलीच्या दिशेने वाकला होता. युरोपीय प्रमाणक १५६३५ प्रमाणे त्या दिशेला मर्यादा ३ मिमी आहे. ९ मिमी म्हणजे तिची तिप्पट. हा सरळ लाल वर्ग होता आणि तो गाळा त्याच दिवशी रिकामा व्हायला हवा होता. पिवळा वर्ग मान्य केला तरी चार आठवड्यांत दुरुस्ती न झाल्यास तो लाल समजावा लागतो, आणि इथे तर पाच महिने गेले.

मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट यापुढची आहे. घटनेच्या सुमारे आठ महिने आधी उंच पॅलेट जमिनीवर ठेवता यावेत म्हणून गाळा ७, ८ आणि ९ मधील पहिला बीम १५०० वरून २१०० मिमीवर चढवला गेला. कामाचा तोंडी आदेश होता. पुरवठादाराला विचारले नाही. गाळ्याच्या टोकाला लावलेल्या भारफलकावर मात्र जुनाच आकडा राहिला : एका फ्रेमवर ११,००० किलो.

पुरवठादाराने आता नव्या उंचीसाठी गणित करून दिले आहे, त्याप्रमाणे त्याच फ्रेमची क्षमता ६,९०० किलो येते. घटनेच्या वेळचा भार गोदामाच्या संगणकातील नोंदींवरून काढला. वरच्या तीन मजल्यांवर ८०० किलोचे तीन-तीन पॅलेट, म्हणजे ७,२०० किलो. पहिल्या मजल्यावर जागा कमी झाल्याने तिथे बुटके, ४५० किलोचे तीन पॅलेट, म्हणजे १,३५० किलो. मधल्या फ्रेमवर दोन्ही बाजूंच्या गाळ्यांचा निम्मा निम्मा भार येतो. दोन्ही गाळे सारखेच भरलेले होते, त्यामुळे फ्रेम ९ वर एकूण ८,५५० किलो भार होता. फलकाप्रमाणे तो बराच कमी आणि वास्तवात बराच जास्त.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की गाडीचा धक्का हे केवळ निमित्त होते, आणि मूळ कारण म्हणून बीमच्या उंचीतील विनापरवाना बदल तसेच वाकलेल्या खांबाचे चुकीचे वर्गीकरण या दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. व्यवस्थापनातील काहींचे म्हणणे असे की आठ महिने रॅक उभा होता, मग उंची कारण कशी असू शकेल? या प्रश्नाला मला नीट उत्तर द्यायचे आहे.

शेलार_मामा

माणकोलीकर साहेब, मी तीस वर्षे गोदामांत काढली आहेत. तुमचा अहवाल वाचला, पण एका गोष्टीचा उल्लेख दिसला नाही. बीमच्या हुकांना सेफ्टी पिन होत्या का? माझ्या अनुभवात रॅक पडतो तो पिन नसल्यामुळे. चालक पॅलेट उचलताना काटा वरच्या बीमला खालून लागतो, बीम हुकातून सुटतो आणि मग सगळे खाली येते. आमच्याकडे असे दोनदा झाले. तुमच्याकडेही बीम हलवताना पिन काढल्या असतील आणि परत लावल्या नसतील. आधी ते तपासा, बाकीचे गणित नंतर करा.

माणकोलीकर

मामा, आपला अंदाज खरा आहे. चढवलेल्या बीमांच्या बारा टोकांपैकी नऊ ठिकाणी पिन नव्हत्या. अहवालाच्या परिशिष्टात ती नोंद आहे, मुख्य भागात आणायला हवी होती. परंतु त्या वेळी चालक त्या गाळ्यात पॅलेट ठेवत किंवा उचलत नव्हता, त्याचा काटा खाली होता. त्यामुळे बीम खालून उचलला गेला असे मला वाटत नाही.

लोखंडी_सांगाडा

मी पोलादी बांधकामांची संरचना करतो आणि रॅकची काही कामे केली आहेत. आधी पिनांबद्दल सांगतो, कारण याचा पुरावा ढिगाऱ्यातच असतो. बीम भाराखाली ओढला जाऊन सुटला असेल तर त्याचे हुक वाकतात किंवा तुटतात आणि खांबाच्या ज्या खाचेत ते बसले होते ती फाटते. बीम वर उचलला जाऊन निसटला असेल तर हुक आणि खाच दोन्ही जवळजवळ कोरी राहतात. फ्रेम ९ च्या लगतच्या बीमांची टोके पाहा. तिथे खाचा फाटलेल्या असतील तर पिन नसणे हा दोष खरा, पण पडझडीची सुरुवात तिथून झाली नाही असे लिहिता येईल.

आता व्यवस्थापनाच्या प्रश्नाकडे येतो. बारीक खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १५०० चे २१०० केले म्हणजे लांबी १.४ पट झाली, तिचा वर्ग १.९६. निव्वळ पुस्तकी सूत्राने क्षमता निम्मी व्हायला हवी. प्रत्यक्षात रॅकचे खांब तितके बारीक नसतात आणि बीमच्या जोडाची ताठरताही हिशेबात येते, म्हणून घट त्याहून कमी असते. आपल्या पुरवठादाराचा ६,९०० हा आकडा मूळच्या ६३ टक्क्यांच्या आसपास आहे, तो मला विश्वासार्ह वाटतो.

मग रॅक आठ महिने का टिकला? कारण आराखडा करताना पॅलेटच्या भारावर साधारण १.४ चा गुणक धरतात. ६,९०० गुणिले १.४ म्हणजे ९,६६० किलो. आपला ८,५५० किलो भार या दोन आकड्यांच्या मध्ये पडतो. म्हणजे परवानगीच्या भारापेक्षा जास्त, परंतु सरळ आणि निर्दोष खांब मोडेल एवढा नाही. सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या राखीव भागापैकी निम्म्याहून अधिक त्या जादा भारानेच खाऊन टाकला होता. ती राखीव ताकद वाकलेला खांब, किंचित तिरकी उभारणी, गाडीचा लहानसा धक्का अशा गोष्टींसाठीच ठेवलेली असते. इथे ती पुरेशी उरली नव्हती. धक्का लागल्यावर काही सेकंद काहीच झाले नाही हे आपण लिहिले आहे, ते याच्याशी जुळते. धक्क्याने खांब उखडला नाही, तो आणखी थोडा वाकला आणि मग स्वतःच्या भाराखाली हळूहळू बसत गेला.

एक प्रश्न मात्र विचारतो. फ्रेम पडताना गल्लीत आडव्या आल्या की रांगेच्या लांबीच्या दिशेने लोळल्या? पहिल्या बीमची उंची वाढवल्याने खांब कमकुवत होतो तो रांगेच्या लांबीच्या दिशेने, कारण त्या दिशेला त्याला फक्त बीमांचा आधार असतो. खोलीच्या दिशेला फ्रेमचे ब्रेसिंग असते आणि बीम वर गेल्याने त्याला काही होत नाही.

माणकोलीकर

लांबीच्या दिशेने. फ्रेम ९ चा तळ बसल्यावर ८, ७, ६, ५ या फ्रेम एकीकडे आणि १० ते १२ दुसरीकडे, दोन्ही बाजूंनी नवव्या फ्रेमकडे ओढल्या गेल्या. गल्लीत माल पडला, पण फ्रेम आडव्या आल्या नाहीत. खाचांचे फोटो पाहिले. फ्रेम ९ वरच्या सहा खाचा फाटलेल्या आहेत, दोन कोऱ्या आहेत. कोऱ्या दोन्ही सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आहेत.

लोखंडी_सांगाडा

मग उंचीतील बदल हे कारण अधिक बळकट होते. तरी "सिद्ध झाले" असा शब्द वापरू नका. कोणत्याही कारणाने एक खांब खाली बसला की त्याला अडकलेले बीम शेजारच्या फ्रेमना लांबीच्या दिशेनेच ओढतात. केवळ पोच्यामुळे खांब मोडला असता तरी शेवटचे चित्र काही अंशी असेच दिसले असते. फ्रेम ९ चा खांब पहिल्या बीमच्या खाली कोणत्या दिशेला दुमडला, हे त्या जतन केलेल्या तुकड्यावरून दिसेल. घडी जर दोन्ही दिशांना मिळून पडलेली असेल, आणि मला तशी शक्यता वाटते, तर दोन्ही कारणे एकत्रच लिहावी लागतील. त्यांत टक्केवारी ठरवण्याचा प्रयत्न करू नये.

कोकणकन्या

चर्चा वाचून थोडी काळजी वाटली म्हणून विचारते. आमचे औषधांचे घाऊक दुकान आहे आणि मागच्या खोलीत नटबोल्टचे, भोकांच्या अँगलचे रॅक आहेत. हात लावला की हलतात. तेसुद्धा असेच पडतील का? मधला एक फळा आम्हीही काढला आहे, मोठी खोकी बसावीत म्हणून.

लोखंडी_सांगाडा

ताई, आपले रॅक वेगळ्या प्रकारचे आहेत आणि भारही खूप कमी आहे, त्यामुळे वरचे आकडे तिथे लावू नका. पण तत्त्व तेच आहे. त्या रॅकमध्ये फळे आणि कोपऱ्यांतल्या त्रिकोणी पट्ट्याच सांगाड्याला ताठ ठेवतात. मधला फळा काढला की खांबाची मोकळी लांबी वाढते. हात लावल्यावर हलणे हे पट्ट्या किंवा बोल्ट ढिले असल्याचे लक्षण आहे. बोल्ट आवळा, पाठीला तिरप्या पट्ट्या लावा, रॅक भिंतीला बांधा आणि जड खोकी खाली ठेवा.

तळेगावकर

आमचा अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. आमच्याकडे सुट्या भागांचे गोदाम आहे. वर्षाला पाच-सहा खांब वाकतात. पुरवठादाराचा नवा खांब महाग पडतो आणि यायला दोन महिने लागतात. आम्ही स्थानिक फॅब्रिकेटरला बोलावतो. तो गॅसने गरम करून खांब सरळ करतो, आतून सहा मिमीची पट्टी वेल्ड करतो आणि वरून रंग मारतो. खांब पहिल्यापेक्षा जाड होतो. आजवर काही झालेले नाही. आपणही नवे खांब येईपर्यंत असे करून झुकलेली रांग चालू करू शकला असता.

लोखंडी_सांगाडा

तळेगावकर, पाच-सहा खांब वाकल्यावर लगेच काहीतरी करता ही बाब चांगली आहे, बरीच गोदामे काहीच करत नाहीत. परंतु ही पद्धत बंद करावी अशी कळकळीची विनंती आहे. हे खांब पातळ पत्र्याला थंड अवस्थेत घड्या घालून बनवतात, आणि त्या घड्यांमुळे पोलादाला जी जादा ताकद येते ती आराखड्यात धरलेली असते. गॅसने लाल केले की ती जाते. शिवाय खांबाच्या भोकांपाशी वेल्डिंगची उष्णता गेल्यावर हुक नीट बसत नाहीत. पट्टी लावून तो भाग ताठ झाला तरी पट्टी संपते तिथे नवीन कमकुवत जागा तयार होते. खांब जाड दिसतो, पण त्याची क्षमता किती हे कोणीही सांगू शकत नाही, आणि ज्याची क्षमता ठाऊक नाही त्यावर भारफलक लावता येत नाही.

खालचा भाग कापून तिथे नटबोल्टने नवा तुकडा बसवण्याची तयार संच-पद्धत आहे. पुरवठादाराने किंवा संरचना अभियंत्याने त्या विशिष्ट खांबासाठी ती मान्य केली असेल तर चालते. दोन महिने वाट पाहण्यापेक्षा चार-पाच खांब आधीच मागवून गोदामात ठेवा. आपला दरवर्षीचा आकडा आपल्याला ठाऊक आहेच.

तळेगावकर

जादा खांब आणून ठेवण्याची सूचना पटली. वेल्डिंगबद्दल मात्र आमच्या पुरवठादाराकडून लेखी उत्तर घेईन आणि मग ठरवीन. आमचे काही खांब असे दुरुस्त होऊन चार वर्षे झाली आहेत आणि ते सगळे एकदम बदलायचे म्हटले तर निम्मे गोदाम रिकामे करावे लागेल.

वाटसरू७

मी आधी रीच ट्रक चालवत होतो, आता पाळीचा पर्यवेक्षक आहे. माणकोलीकरांनी चालकावर सगळे ढकलले नाही याबद्दल मनापासून आभार मानतो. त्या पाच महिने जुन्या पोच्याबद्दल मला बोलायचे आहे. तो कोणीतरी मारला असणार आणि सांगितला नसणार. कंत्राटी चालकांच्या पगारातून धक्क्याचे पैसे कापतात, हे बहुतेक ठिकाणी चालते. एका धक्क्याला दोन-तीन हजार कापले की पुढचा धक्का कोणीही सांगत नाही, उलट वाकलेल्या खांबासमोर पॅलेट उभा करून ठेवतात. आपल्या सुधारणांच्या यादीत खांबाला संरक्षक कवच, चालकांचे प्रशिक्षण वगैरे असेलच. पण पगारकपात चालू राहिली तर तपासणीत खांब सापडेपर्यंत कोणालाच काही कळणार नाही.

दुसरे असे की चालक गाडीत बसून राहिला म्हणून वाचला. आम्हाला हे नवीन भरतीच्या दिवशीच शिकवले होते. २०१६ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात चीजच्या गोदामात मोठी पडझड झाली, तेव्हा चालक कित्येक तास गाडीत गाडला गेला होता आणि सुखरूप बाहेर आला. ती बातमी आम्ही प्रशिक्षणात सांगतो.

माणकोलीकर

आपला मुद्दा मी व्यवस्थापनापुढे मांडला. कंत्राटदाराशी झालेल्या करारात कपातीचे कलम होते. ते काढण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली आहे, पण कंत्राटदाराने अजून सही केलेली नाही. तोपर्यंत धक्का त्याच पाळीत कळवला तर कपात होणार नाही असे पत्रक आम्ही मराठीत आणि हिंदीत लावले आहे. पहिल्याच आठवड्यात चार धक्के कळवले गेले. त्यांपैकी एक खांब लाल वर्गात निघाला आणि त्याच्या लगतचे दोन्ही गाळे आम्ही त्याच दिवशी रिकामे केले.

प्रज्ञा_स

मी विमा दाव्यांचे काम करते. नुकसानाच्या भागात विम्याचा उल्लेख नाही, म्हणून सावध करते. आग आणि विशेष आपत्तींच्या नेहमीच्या पॉलिसीत "आघाताने झालेले नुकसान" हे कलम असते आणि पुष्कळांना वाटते की फोर्कलिफ्टचा धक्का त्यात बसतो. त्या कलमाची भाषा नीट वाचा. आघात करणारे वाहन विमाधारकाचे, जागा वापरणाऱ्याचे किंवा कामावर असलेल्या त्यांच्या कर्मचाऱ्यांचे नसावे, अशी अट त्यात आहे. आपली रीच ट्रक नेमकी त्यातच अडकते. रॅक आपोआप कोसळणे हेही त्या पॉलिसीतील नावानिशी दिलेल्या आपत्तींत नाही. सर्व जोखमींची व्यापक पॉलिसी असेल तर मार्ग निघू शकतो, परंतु तिथेही सदोष आराखडा आणि हळूहळू झालेली झीज वगळलेली असते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. अहवालात कारण काय लिहिता यावर दावा अवलंबून राहील, म्हणून तुम्हाला कोणीतरी शब्द बदलायला सांगेल. बदलू नका. सर्वेक्षक तोच खांब, तीच नोंदवही आणि तेच फोटो पाहणार आहे. ढिगारा हलवण्याआधी त्याला कळवले होते का?

माणकोलीकर

ताई, कळवले होते. सर्वेक्षक दुसऱ्या दिवशी येऊन गेले आणि फ्रेम ९ चा तळ त्यांच्यासमोर मोहोरबंद केला. पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे ते मुख्य कार्यालय सांगेल. आपण म्हणता तो धोका मी त्यांना लेखी कळवतो. मालाचा विमा मालकाचा वेगळा आहे, त्यामुळे त्यांची विमा कंपनी पुढे आमच्याकडे वसुली मागेल, ही शक्यताही आहे.

शेलार_मामा

कारखाना निरीक्षकांना कळवले का? आमच्या वेळी इजा झाली नसली तरी मोठी पडझड कळवावी लागत असे.

माणकोलीकर

मामा, इथे आमच्यात मतभेद आहेत. घटनेच्या वेळी लागू असलेल्या कारखाना कायद्याखाली कळवायच्या धोकादायक घटनांच्या यादीत इमारत, भिंत, छप्पर "किंवा इतर कोणतीही संरचना" कोसळणे येते, आणि रॅक ही संरचना आहे असे माझे मत आहे. आमच्या सल्लागारांचे म्हणणे असे की इथे उत्पादनप्रक्रिया होत नाही, नोंदणी दुकाने व आस्थापना कायद्याखाली आहे, त्यामुळे हे कलम लागू नाही. परंतु एका कोपऱ्यात मालाचे पुन्हा पॅकिंग करून लेबल लावण्याचे काम चालते, आणि कायद्यातील उत्पादनप्रक्रियेच्या व्याख्येत पॅकिंगही येते. मी स्वतः स्वेच्छेने कळवावे या बाजूचा आहे.

शेलार_मामा

कळवा. नंतर कोणी विचारले तर न कळवल्याचे उत्तर देणे अवघड जाते. आणि पिनांचा मुद्दा मी सोडलेला नाही. त्या दोन कोऱ्या खाचा वरच्या मजल्यावर आहेत म्हणता, तिथे पिना असत्या तर वरचे पॅलेट तेवढ्या लवकर चालकाच्या डोक्यावर आले नसते.

लोखंडी_सांगाडा

मामांचा हा मुद्दा मी खोडू शकत नाही. पिन वरच्या दिशेचा सुमारे अर्धा टन जोर सहन करेल अशी असावी लागते, आणि फ्रेम तिरकी होताना वरचे बीम उचलले जातात हे खरे आहे. दुसरीकडे असेही म्हणणारे आहेत की बीम घट्ट अडकून राहिले तर पडणारी फ्रेम शेजारच्या फ्रेमना सोबत ओढते आणि पडझड लांबते. पिना लावायच्याच, त्याबद्दल दुमत नाही. या घटनेत त्यांच्या अभावाने नुकसान वाढले की कमी झाले, हे उरलेल्या पुराव्यावरून कोणी ठरवू शकेल असे मला वाटत नाही.

माणकोलीकर

सर्वांच्या सूचनांनंतर सुधारणांचा भाग पुन्हा लिहिला आहे, तो थोडक्यात देतो. यापुढे कोणताही बीम हलवायचा असेल तर आधी पुरवठादाराकडून नव्या उंचीची क्षमता लेखी घ्यायची, मग रिकाम्या गाळ्यात बीम हलवायचा, प्रत्येक टोकाला पिन लावून दोघांनी सही करायची, आणि नवा भारफलक लागेपर्यंत त्या गाळ्याचे पत्ते गोदामाच्या संगणकात बंद ठेवायचे. हे शेवटचे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पत्ता बंद असेल तर घाईच्या पाळीतही तिथे पॅलेट पाठवला जात नाही. उरलेल्या सर्व रांगांची मूळ आराखड्याशी तुलना केली, तेव्हा आणखी अकरा गाळ्यांत बीम हललेले आढळले. त्यांपैकी चार गाळ्यांत भार नव्या क्षमतेपेक्षा जास्त होता आणि ते रिकामे केले आहेत.

तपासणीच्या तक्त्यावर आता खांबाचे वरून दिसणारे छोटे चित्र छापले आहे, त्यात दोन बाण आहेत, एकावर ३ आणि दुसऱ्यावर ५ लिहिले आहे. तपासणी करणाऱ्याने आधी बाणावर खूण करायची आणि मगच मिमीचा आकडा भरायचा. वर्ग ठरवण्याचे काम त्याच्याकडे ठेवलेले नाही, आकडा भरला की तक्ताच वर्ग दाखवतो. गल्लीकडच्या खांबांना ४०० मिमी उंचीची कवचे जमिनीत अँकर करून बसवत आहोत. ती खांबाला न चिकटवता थोडे अंतर राखून लावली आहेत, नाहीतर धक्का थेट खांबालाच पोहोचतो.

कारणाच्या रकान्यात आता असे लिहिले आहे : "पहिल्या बीमची उंची क्षमता न तपासता वाढवल्याने फ्रेम ९ वर परवानगीपेक्षा सुमारे १,६५० किलो अधिक भार होता. त्याच फ्रेमचा पुढचा खांब मर्यादेच्या तिप्पट वाकलेला असूनही तो वापरात राहिला. या स्थितीत रीच ट्रकचा कमी वेगाचा धक्का लागून खांब मोडला. बीमच्या काही टोकांना पिना नव्हत्या, त्यांचा पडझडीवरील परिणाम निश्चित करता आला नाही." चालकाचा उल्लेख वस्तुस्थिती म्हणून आहे, दोष म्हणून नाही.

जतन केलेला तुकडा लोखंडी_सांगाडा यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिला. घडी मुख्यतः लांबीच्या दिशेने आहे, परंतु जुन्या पोच्यापाशी ती आत वळलेली दिसते. फोटो काढून पुरवठादाराच्या अभियंत्याकडे पाठवले आहेत, त्यांचे उत्तर आले की इथेच टाकीन.